आजारपणाच्या रजेसाठी कार्यालयाला नेमके किती सांगावे?

निशिगंध_७

नमस्कार. पुढील महिन्यात माझी एक शस्त्रक्रिया ठरली आहे. गर्भाशयात गाठी असल्यामुळे गर्भपिशवी काढण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलून मी घेतला आहे. गाठी मोठ्या असल्याने दुर्बिणीने न करता पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर सहा आठवडे विश्रांती घ्यावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. वैद्यकीय बाजूबद्दल माझ्या मनात शंका नाही, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना विचारा वगैरे सल्ले कृपया देऊ नयेत. माझा प्रश्न कार्यालयाबद्दल आहे.

आमच्याकडे रजेचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. त्यात 'आजाराचे स्वरूप' असा एक रकाना आहे आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जातच नाही. अर्ज आधी माझ्या वरिष्ठांकडे, मग विभागप्रमुखांकडे आणि शेवटी मनुष्यबळ विभागाकडे जातो. दीर्घ रजेसाठी काय लागते याची चौकशी केली, तेव्हा उत्तर आले की डॉक्टरांचे प्रमाणपत्र, 'संबंधित तपासण्यांचे अहवाल' आणि घरी सोडल्यानंतर डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी.

माझे वरिष्ठ वाईट गृहस्थ नाहीत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. एका सहकाऱ्याच्या मूळव्याधीची वार्ता त्यांनी भर बैठकीत, अत्यंत सहानुभूतीच्या स्वरात, सर्वांना सांगितली होती. माझ्या गर्भपिशवीची चर्चा त्याच बैठकीत व्हावी अशी माझी इच्छा नाही. त्याच वेळी मी काही लपवते आहे असेही वाटू नये, कारण सहा आठवडे ही थोडीथोडकी रजा नव्हे आणि माझे काम इतरांनाच सांभाळावे लागणार आहे.

तेव्हा त्या रकान्यात काय लिहावे, प्रमाणपत्रात आजाराचे नाव असायलाच हवे का, आणि वरिष्ठांनी समोरासमोर 'काय झाले आहे?' असे विचारले तर काय उत्तर द्यावे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सांगावे.

सडेतोड

काहीही सांगू नका. आजार ही खाजगी बाब आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील गोष्टी गोपनीय असतात, त्यामुळे त्या विचारण्याचा अधिकारच मालकाला कायद्याने नाही. रकान्यात 'वैयक्तिक कारण' असे लिहा आणि विषय संपवा. त्यांनी अडवणूक केली तर लेखी विचारा की कोणत्या नियमानुसार मागत आहात. बहुतेक जण तेवढ्यावरच गप्प बसतात.

वाचनवेडा

निशिगंधताई, शस्त्रक्रियेसाठी शुभेच्छा. कार्यालयाच्या गटविम्यातून खर्च मिळवायचा असेल तर मात्र निदान लपवून चालणार नाही. रुग्णालयातला विमा कक्ष दाखल होण्याआधीच मंजुरीसाठी विमा कंपनीकडे कागद पाठवतो आणि त्यात निदान, प्रस्तावित शस्त्रक्रिया, सोनोग्राफीचा अहवाल, सारे काही असते. आधीपासूनचे आजार दडवले तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे सगळे खरेखरे आणि पूर्ण सांगून टाकावे, हेच बरे.

निशिगंध_७

वाचनवेडा, आपले म्हणणे विम्यापुरते बरोबर आहे आणि विमा कंपनीपासून मला काही लपवायचे नाही. मी विचारते आहे ते रजेबद्दल. अर्थात विम्याचे कागद कार्यालयातून जातात की परस्पर, हे मला आत्ता विचारावेसे वाटू लागले आहे, त्याबद्दल आभार.

सडेतोड, 'वैयक्तिक कारण' असे लिहिले तर ती आजारपणाची रजा ठरेल का? आमच्याकडे वैयक्तिक कामासाठीची रजा वेगळी आहे आणि ती सहा आठवडे मिळत नाही.

औद्योगिक_वैद्य

मी बरीच वर्षे कारखान्यांतील आणि कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचे काम पाहतो, म्हणजे रजेची प्रमाणपत्रे दोन्ही बाजूंनी माझ्या हातून गेली आहेत. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सडेतोड यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. गोपनीयतेचे बंधन डॉक्टरांवर असते. तुमच्या संमतीवाचून डॉक्टरांनी तुमच्या मालकाला काही सांगता कामा नये. परंतु मालकाने तुम्हाला प्रश्न विचारण्यावर ते बंधन आपोआप लागू होत नाही, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने अहवाल जोडून दिलात तर गोपनीयतेचा भंग कोणी केलाच नाही, तो तुम्हीच दिलेला कागद झाला. मालकाने काय विचारावे यावर देशोदेशी वेगवेगळे कायदे आहेत आणि त्याखेरीज प्रत्येक संस्थेचे सेवानियम असतात. म्हणून पहिले काम म्हणजे त्या नियमांत दीर्घ रजेसाठी नेमके कोणते शब्द वापरले आहेत ते वाचणे. माझा अनुभव असा की नियमात बहुधा 'वैद्यकीय प्रमाणपत्र' एवढेच असते आणि 'तपासण्यांचे अहवाल' ही भर नंतर कोणीतरी ईमेलमध्ये घातलेली असते.

आता मालकाला खरोखर काय कळायला हवे ते पाहू. तुम्ही काम करण्यास असमर्थ आहात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे मत नोंदणीकृत डॉक्टरांनी तपासून दिले आहे, आणि परतल्यावर काही काळ कामात कोणत्या मर्यादा राहतील. याच्या पलीकडे निदान कळल्याने रजेचा निर्णय बदलत नाही. बदली माणूस नेमायचा की नाही, हे गाठ गर्भाशयात आहे की पित्ताशयात यावर ठरत नाही, ते सहा आठवड्यांवर ठरते.

हे केवळ माझे मत नाही. जर्मनीत कामास असमर्थ असल्याच्या प्रमाणपत्राची मालकासाठीची प्रत पूर्वीपासून निदानाविना असते आणि निदान फक्त रुग्णाच्या आणि आरोग्य विमा संस्थेच्या प्रतीत असते. 2023 पासून तेथे मालकाला ही माहिती विमा संस्थेकडून संगणकावरच मिळते आणि त्यात रजेचा कालावधी, रजा नवी आहे की आधीच्या रजेची मुदतवाढ, अपघातामुळे आहे का, असे मोजकेच तपशील असतात, निदान नसते. कागदी प्रतीवर डॉक्टरांचा शिक्का असल्याने ते कोणत्या विषयाचे तज्ज्ञ आहेत हे मालकाला समजत असे, ती फटही त्यामुळे बुजली.

ही फट तुमच्या बाबतीत मात्र उघडी आहे. प्रमाणपत्रात एक शब्दही नसला, तरी वर 'स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ' असे छापलेले असेल तर वाचणारा तर्क करणारच. रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार असल्यास प्रमाणपत्र डॉक्टरांच्या खाजगी लेटरहेडवर न घेता रुग्णालयाच्या लेटरहेडवर मागावे. सही करणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक त्यावर हवाच, विषय छापलेला असण्याची गरज नाही.

मजकूर साधारण असा असावा: 'अमुक यांच्यावर या रुग्णालयात नियोजित शस्त्रक्रिया होणार असून, अमुक तारखेपासून सहा आठवडे त्या कामावर हजर राहण्यास वैद्यकीयदृष्ट्या असमर्थ राहतील. त्यानंतर पुन्हा तपासणी करून कामावर रुजू होण्याविषयी कळविले जाईल.' शेवटचे वाक्य गाळू नका. त्यामुळे सहाचे आठ आठवडे झाले तर ती मुदतवाढ आधीच सूचित केलेली असते.

सडेतोड

म्हणजे मूळ मुद्दा माझाच राहिला की, निदान सांगायचे नाही.

औद्योगिक_वैद्य

निदान सांगण्याची गरज नाही, हे खरे. परंतु 'वैयक्तिक कारण' हा शब्द चुकीचा आहे, कारण तो रजेचा प्रकारच बदलतो आणि मनुष्यबळ विभागाला अर्ज नाकारण्याचे सोयीस्कर निमित्त मिळते. कारण वैद्यकीय आहे एवढे निःसंदिग्ध सांगावे, त्याचा तपशील राखून ठेवावा.

निवृत्त_अधिकारी

मी मनुष्यबळ विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो. अहवाल मागण्यामागे सहसा कुतूहल नसते. पूर्वी कधीतरी कोणीतरी खोटे प्रमाणपत्र दिलेले असते, त्यावर वरून फटकार बसलेली असते आणि तेव्हापासून 'सगळे कागद घ्या' असा दंडक पडलेला असतो. ज्याने तो पाडला तो केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. आलेला अहवाल कोणी वाचत नाही, कारण वाचून काय ठरवायचे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. मात्र तो फायलीत राहतो आणि फाईल अनेकांच्या हातून जाते, हेही खरे.

खोटेपणा तपासायला निदान लागतच नाही. प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक तपासता येतो आणि रुग्णालयाला पत्र पाठवून 'हे प्रमाणपत्र आपणच दिले आहे का, तारखा बरोबर आहेत का?' एवढे विचारता येते. मी तेच करीत असे. म्हणून निशिगंधताईंनी स्वतःहून लिहावे की प्रमाणपत्राच्या सत्यतेची खात्री रुग्णालयाकडून करून घेण्यास माझी हरकत नाही. हे वाक्य वाचले की मागणाऱ्याचा निम्मा जोर ओसरतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रजेच्या अर्जातला रकाना मनुष्यबळ विभाग एकटाच वाचत नाही. मंजुरीच्या साखळीतला प्रत्येक जण तो वाचतो. काही प्रणालींमध्ये तो मजकूर मंजुरीच्या ईमेलमध्ये जसाच्या तसा उतरतो आणि ते ईमेल विभागातल्या लिपिकालाही जाते. क्वचित संघाच्या सामायिक दिनदर्शिकेतही दिसतो. त्यामुळे तिथे लिहिलेले सर्वांसमोर वाचले जाईल असे समजूनच लिहावे. 'नियोजित शस्त्रक्रिया व त्यानंतरची विश्रांती, प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाकडे स्वतंत्रपणे सादर' एवढे पुरे.

रात्रपाळी

माझे प्रकरण निराळे आहे, पण सांगतो. मी यंत्रांवर काम करतो आणि मला मनोविकारतज्ज्ञांकडून औषधे सुरू झाली. सुरुवातीचे काही आठवडे दिवसभर गुंगी असे. मी पर्यवेक्षकांना आजाराच्या नावासकट सगळे सांगितले. ते वाईट वागले नाहीत, उलट इतके जपून वागू लागले की विचारू नका. गुंगी गेली, औषधाचा डोस स्थिर झाला, तरी मला अवघड यंत्रावर पुन्हा उभे करायला त्यांना फार वेळ लागला. आजही मी जांभई दिली की ते माझ्याकडे पाहतात. औद्योगिक_वैद्य यांच्या हिशेबाने मी काय सांगायला हवे होते? गुंगीबद्दल गप्प बसणे मला तरी पटले नसते.

औद्योगिक_वैद्य

गप्प बसणे योग्य ठरलेच नसते. ज्या कामात तुमची अवस्था दुसऱ्याच्या किंवा तुमच्या जिवाला धोका करू शकते, म्हणजे यंत्रे, वाहने, उंचीवरची कामे, वीजवाहिन्या, तिथे कार्यक्षमतेवरची मर्यादा सांगणे आवश्यक असते. फिट येणाऱ्या माणसाने शिडीवर चढण्याआधी सांगायलाच हवे. क्षयासारखा आजार हवेतून पसरण्याच्या अवस्थेत असेल तर तिथेही 'माझी खाजगी बाब' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण संपर्कातल्यांची तपासणी करावी लागते.

परंतु सांगायची असते ती मर्यादा आणि तिची मुदत. 'मला सुरू झालेल्या औषधाने गुंगी येते, पुढील चार आठवडे फिरत्या यंत्रावर काम देऊ नये, त्यानंतर डॉक्टर पुन्हा तपासून लेखी कळवतील.' यात आजाराचे नाव नाही आणि सुरक्षिततेसाठी लागणारी कोणतीही गोष्ट गाळलेली नाही. पर्यवेक्षकांच्या डोक्यात आजाराचे नाव बसले की ते मुदत विसरतात आणि नावच लक्षात ठेवतात. तुमच्या बाबतीत बहुधा तेच झाले. आता डॉक्टरांकडून 'कोणतीही मर्यादा नाही' असे स्वच्छ लिहून घ्या आणि ते पर्यवेक्षकांना न देता कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या.

कावेरी_म

आपण सर्वच जण 'कमीत कमी सांगा' या दिशेने निघालेले दिसता. त्याला माझी थोडी हरकत आहे. माझ्या पतींचे डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी साधारण चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ आणि नंतरचा थकवा. त्यांनी सुरुवातीला असेच मोजके सांगितले होते, 'वैद्यकीय उपचार चालू आहेत' एवढेच. त्यावर कार्यालयात इतक्या कंड्या पिकल्या की कोणी व्यसनमुक्तीचे उपचार म्हणाले, तर कोणी दुसरी नोकरी शोधतोय म्हणाले. शेवटी त्यांनी आपल्या विभागात सरळ सांगितले की मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. त्यानंतर बैठकांच्या वेळा लोकांनी स्वतःहून बदलल्या. रिकाम्या जागेत लोक स्वतःची कथा भरतात आणि ती खऱ्यापेक्षा वाईट असते.

औद्योगिक_वैद्य

कावेरीताई, आपले म्हणणे मान्य आहे आणि या बाबतीत माझ्याकडे पक्का नियम नाही. एकदाच होणारी आणि संपणारी रजा, आणि वर्षानुवर्षे चालणारा आजार, यांत फरक करावाच लागतो. दर आठवड्याला तीन दिवस लवकर निघणाऱ्या माणसाला वेळापत्रकाचा साचा सांगावाच लागतो आणि तो साचा बऱ्याचदा आजाराचे नाव सांगून टाकतो. तिथे लपवण्याचा खर्च सांगण्यापेक्षा जास्त होतो. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. सहकाऱ्यांना विश्वासाने सांगणे हा आपल्या पतींचा निर्णय होता आणि त्यांनी तो स्वतःची वेळ निवडून घेतला. रजेच्या अटीखाली कागद मागून घेतला जाणे हे निराळे.

तिरकस_रेघ

रजा मंजूर करणाऱ्यांना एवढे वैद्यकीय ज्ञान असेल तर त्यांनाच तपासायला बोलवावे, फीदेखील वाचेल. असो. मुद्द्याचे सांगायचे तर, वरिष्ठ थेट डॉक्टरांना दूरध्वनी करू शकतात का? आमच्याकडे एका साहेबांनी केला होता.

निवृत्त_अधिकारी

करू नये. डॉक्टरांनीही अशा दूरध्वनीला उत्तर देऊ नये. अमेरिकेतल्या 1993 च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्याखाली तर हे स्पष्टच आहे. प्रमाणपत्राची खात्री करायची असल्यास मनुष्यबळ विभाग किंवा संस्थेतर्फे दुसरा डॉक्टर संपर्क साधू शकतो, पण कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाने कोणत्याही परिस्थितीत साधायचा नाही. कायदा तेथला असला तरी त्यामागचे कारण सगळीकडे लागू पडते, कारण वरिष्ठ तुमच्या कामाचे मूल्यमापनही करतो. डॉक्टरांच्या स्वागतकक्षात आधीच सांगून ठेवावे की माझ्याबद्दल दूरध्वनीवर काहीही सांगू नये, लेखी विचारणा आल्यास मला कळवावे.

निशिगंध_७

सर्वांचे मनापासून आभार. मी ईमेलचा मसुदा तयार केला आहे, कृपया पाहावा.

'महोदय, एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी मला अमुक तारखेपासून सहा आठवडे रजा हवी आहे. काळजीचे काही कारण नाही. रुग्णालयाचे प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाकडे सादर करीत असून त्याच्या सत्यतेची खात्री रुग्णालयाकडून करून घेण्यास माझी हरकत नाही. माझी कामे कोणाकडे सोपवायची याचा तक्ता सोबत जोडला आहे. रजेच्या काळात मी दूरध्वनीवर उपलब्ध राहीन.'

औद्योगिक_वैद्य

एक शब्द आणि दोन वाक्ये काढावीत.

'छोट्या' हा शब्द काढा. छोट्या शस्त्रक्रियेला सहा आठवडे कसे लागतात, हा प्रश्न तुम्हीच निर्माण करता आहात. शिवाय जखमेत जंतुसंसर्ग झाला, किंवा आधीच्या रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन कमी असून थकवा रेंगाळला, तर मुदतवाढ मागताना हाच शब्द तुमच्यावर उलटेल. 'काळजीचे कारण नाही' हेही काढा, कारण ते वैद्यकीय मत आहे आणि ते कोणी मागितलेले नाही. तपशील न देणे आणि चुकीचा तपशील देणे यांतले अंतर इथे जपायला हवे. न सांगितल्याबद्दल सहसा कारवाई होत नाही, पण दिलेले कारण आणि पुढचे कागद जुळले नाहीत तर होऊ शकते. पित्ताशयाचे किंवा हर्नियाचे नाव पुढे करण्याचा मोह काहींना होतो, तो टाळावा.

शेवटचे वाक्य माझ्या मते पूर्ण काढावे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे उठणे-बसणेही सांभाळून करावे लागते. तातडीचे असल्यास कोणाशी बोलावे, त्या सहकाऱ्याचे नाव द्यावे.

निवृत्त_अधिकारी

मसुदा मनुष्यबळ विभागाला वेगळा आणि वरिष्ठांना वेगळा पाठवावा. वरिष्ठांच्या पत्रात प्रमाणपत्र जोडू नये, कामाचा तक्ता मात्र सविस्तर जोडावा. माझ्या पाहण्यात असे आले आहे की कामाची व्यवस्था नीट लावलेली असली की वरिष्ठांचे प्रश्न कमी होतात. त्यांची खरी चिंता बहुधा तीच असते.

निशिगंध_७

मनुष्यबळ विभागाशी पत्रव्यवहार झाला, त्याची हकीगत सांगते. मी सेवानियम मागवून वाचले. त्यात खरोखरच 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे प्रमाणपत्र' एवढेच शब्द आहेत. ते उद्धृत करून मी रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे प्रमाणपत्र पाठवले. तपासण्यांच्या अहवालांचा आग्रह त्यांनी सोडला. परंतु डिस्चार्ज कार्ड मात्र हवेच म्हणतात, कारण 'रुग्णालयात दाखल झाल्याचा पुरावा' लागतो. कार्डात असे काय असते की ते देऊ नये? एक तर पानच असते ना?

औद्योगिक_वैद्य

ते एक पानच सर्वांत बोलके असते. डिस्चार्ज कार्ड पुढच्या डॉक्टरांसाठी लिहिलेले असते, त्यामुळे त्यात काही राखून ठेवलेले नसते. स्त्रीरोग विभागाच्या कार्डात मासिक पाळीचा इतिहास, किती वेळा गर्भ राहिला, किती बाळंतपणे आणि किती गर्भपात झाले, हे एका ओळीत असते. आधीचे आजार आणि चालू औषधे असतात. शस्त्रक्रियेपूर्वी एचआयव्ही व काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या केलेल्या असतात, त्यांचे निकालही बऱ्याच रुग्णालयांत त्यावरच छापतात.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक ओळ जवळजवळ निश्चित असेल. काढलेला अवयव तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्याचा अहवाल तुम्ही घरी गेल्यानंतर येतो, म्हणून कार्डावर 'हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल प्रतीक्षेत' असे लिहिलेले असते. हे नेहमीचेच आहे, जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत करतात. पण अर्धवट माहिती असलेला माणूस ती ओळ वाचतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात तुम्हाला कर्करोग झालेला असतो. मी हे घडलेले पाहिले आहे.

दाखल झाल्याचा पुरावा हवा असेल तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागातून 'दाखल दिनांक व घरी सोडल्याचा दिनांक' एवढेच नमूद केलेले पत्र मागता येते. त्यासाठी घरी सोडण्याच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी बिलाची गडबड असते आणि तुम्हाला उभे राहण्याचेही त्राण नसते. दाखल होतानाच सांगून ठेवा, किंवा सोबतच्या माणसाला हे काम नेमून द्या.

वाचनवेडा

विम्याच्या बाबतीतही चौकशी करावी, असे आता मलाच वाटू लागले आहे. आमच्याकडे दाव्याचे कागद विमा मध्यस्थ कंपनीकडे परस्पर जातात, पण 'सोयीसाठी' म्हणून प्रत्येक ईमेलमध्ये मनुष्यबळ विभागातल्या एका कर्मचाऱ्याचा पत्ता प्रतीसाठी घातलेला असतो, हे मी आज जुने ईमेल उघडून पाहिले. इतकी वर्षे माझ्या लक्षातच आले नव्हते.

निशिगंध_७

वाचनवेडा, आमच्याकडेही अगदी तसेच निघाले. मी विमा कक्षाला माझा खाजगी ईमेल पत्ता दिला आहे आणि प्रतीमधून कार्यालयाचा पत्ता काढण्याची लेखी विनंती केली आहे. होकार आला आहे, प्रत्यक्षात काय होते ते पाहायचे.

दाखल-दिनांकाच्या पत्राविषयी मनुष्यबळ विभागाने 'तपासून कळवतो' असे उत्तर दिले आहे. राहता राहिले वरिष्ठ. त्यांनी काल विचारलेच, 'काही गंभीर तर नाही ना?'

सडेतोड

मग काय सांगितलेत? 'आपल्याला काय करायचे आहे?' असे विचारायला हवे होते.

निशिगंध_७

तसे बोलणे मला जमणारे नाही आणि त्यांच्या विचारण्यात आपुलकी होती, हेही नाकारता येत नाही. मी म्हणाले, 'नियोजित शस्त्रक्रिया आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले आहेत. तपशिलात जाणे मला बरे वाटत नाही, पण आपण विचारपूस केलीत याबद्दल आभार. तो कामाचा तक्ता आपण पाहिलात का?' तेव्हा ते तक्त्याकडे वळले. पुन्हा विचारणार नाहीत याची मात्र खात्री नाही.

कावेरी_म

उत्तर छान दिलेत. तरीही माझे मत असे की विभागातल्या एखाद्या विश्वासू सहकारी बाईंना खरे काय ते सांगून ठेवावे, म्हणजे बैठकीत कोणी तर्क लढवू लागले तर विषय बदलायला कोणीतरी असेल.

तिरकस_रेघ

आणि त्या विश्वासू बाईंची विश्वासू मैत्रीण कोण, याची चौकशी आधी करावी.

औद्योगिक_वैद्य

यावर मी मत देणार नाही, ते माणसे ओळखणाऱ्याने ठरवावे. मी परतण्याच्या कागदाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सगळी काळजी जाताना घेतली जाते आणि येताना कागद घाईत लिहून घेतला जातो. रुजू होण्याच्या प्रमाणपत्रात अनेक डॉक्टर सवयीने 'अमुक शस्त्रक्रियेनंतर आता तंदुरुस्त' असे लिहितात आणि सहा आठवडे जपलेले नाव त्या एका ओळीत बाहेर पडते. तपासणीला जाताना मजकूर कागदावर लिहूनच न्यावा: 'अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य. पुढील काही आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये आणि सलग फार वेळ उभे राहू नये.' मुदत डॉक्टर ठरवतील, ती मोघम न ठेवता तारीख घालून घ्यावी. तुमच्या कामात वजन उचलणे नसेल तर ते वाक्यही नको.

निशिगंध_७

आहे थोडेसे. नोंदवह्यांचे गठ्ठे वरच्या फळीवरून काढावे लागतात. ते वाक्य घालून घेईन. मनुष्यबळ विभागाचे उत्तर आले की इथे कळवते.